छोट्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आणि फ्रिज कुठे ठेवावं: सोलापुरातल्या एका वन बीएचकेचं उदाहरण

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी दुकानात जाऊन ऑफर बघून फ्रिज आणि मशीन घेतलं जातं, मग टेम्पो दारात उभा असताना दोन्ही कुठे ठेवायचं यावर घरात चर्चा सुरू होते. मोठ्या घरात हे चालून जातं. चारशे-साडेचारशे स्क्वेअर फुटांच्या फ्लॅटमध्ये मात्र त्या अर्ध्या तासात घेतलेला निर्णय पुढची दहा वर्षं स्वयंपाकघरात वाट अडवून उभा राहतो.

माझ्या मते जागा ठरवताना मशीनचा विचार आधी करावा, फ्रिजचा नंतर. फ्रिजला विजेचा एक पॉइंट आणि थोडी मोकळी हवा पुरते, त्यामुळे तो घरात चार-पाच ठिकाणी बसू शकतो. मशीनला नळ, सांडपाण्याची वाट आणि वीज या तिन्ही गोष्टी एकाच जागी लागतात. अशा जागा छोट्या फ्लॅटमध्ये दोनच असतात, ड्राय बाल्कनी आणि बाथरूम. कधी कधी बेसिनजवळचा पॅसेज ही तिसरी जागा मिळते. जिला पर्याय कमी तिची जागा आधी पक्की करावी, आणि उरलेल्या घरात फ्रिज बसवावा.

पुढचं सगळं एका खऱ्यासारख्या घरावर मांडतो. जुळे सोलापूर भागातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. वन बीएचके. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. स्वयंपाकघर सात फूट बाय आठ फूट. एका लांब भिंतीला पूर्ण आठ फूट ओटा, समोरची भिंत मोकळी. पॅसेजमधून आत यायला दार नसलेली उघडी चौकट, आणि तिच्या बरोबर समोरच्या टोकाला ड्राय बाल्कनीचं दार. बाल्कनी पश्चिमेची, साडेतीन फूट रुंद आणि पाच फूट लांब. तिथे नहाणी ट्रॅप आहे, भिंतीत एक नळ आहे, आणि पाण्याची दोन निळी पिंपं आहेत. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून पिंपं सोलापूरच्या घरात हवीतच. नकाशात ती कोणी दाखवत नाही, पण जागा मात्र तीच खातात.

घरच्यांचा पहिला बेत सोपा होता. ओट्यासमोरची भिंत मोकळी आहे, तर तिथे फ्रिज आणि मशीन शेजारी शेजारी ठेवू.

टेप घ्या आणि जे हलत नाही ते आधी मोजा

कंपनीच्या पत्रकात मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि आपलं घर फुटांत. इथेच घोळ होतो, म्हणून सगळं सेंटिमीटरमध्ये मोजा. एका कागदावर खोलीची चौकट काढा आणि तिच्यात ज्या गोष्टी हलवता येत नाहीत त्याच मांडा: ओटा, दारं आणि ती कुठल्या बाजूला उघडतात, नळ, नहाणी, विजेचे पॉइंट, खिडकी.

या स्वयंपाकघराची रुंदी २१३ सेंमी भरली. त्यातला ६० सेंमी ओटा गेला, उरले १५३. आता वस्तूंची खरी खोली बघू. १९० लिटरच्या आसपासचा सिंगल डोअर फ्रिज साधारण ५५ सेंमी रुंद आणि ६५ सेंमी खोल असतो, मागे भिंतीपासून आठ-दहा सेंमी सोडले की तो ७४ सेंमी जागा धरतो. सात किलोचं फ्रंट लोड मशीन ६० सेंमी रुंद आणि ५५ ते ६० सेंमी खोल असतं, मागे पाईप वळायला किमान आठ-दहा सेंमी लागतात. पत्रकातलं माप हे फक्त पेटीचं असतं. मागचा पाईप, प्लग आणि दार उघडायची जागा त्यात धरलेली नसते.

म्हणजे समोरच्या भिंतीला फ्रिज लावला की ओटा आणि फ्रिज यांच्यात उरतात जेमतेम ७९ सेंमी. एका माणसाला उभं राहायला तेवढे पुरतात. पण फ्रिजचं दार उघडलं की पंचावन्न सेंमीचा पल्ला त्याच वाटेत येतो आणि मागून कोणाला जाता येत नाही. सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला: "भाकरी भाजताना माझ्या मागनं कुणी गेलं तर हात तव्यावर जातो माझा." शिवाय त्या भिंतीला मशीन ठेवलं तर त्याचं सांडपाणी फरशीवरून बाल्कनीच्या नहाणीपर्यंत न्यावं लागणार. रोज धुणं झालं की स्वयंपाकघरातून पाईप लोळत असलेली घरं पुष्कळ दिसतात. हा बेत इथेच बाद.

मशीन: आधी पाणी जातं कुठे ते बघा

बाल्कनीत नहाणी आहे म्हणजे काम झालं असं नाही. बऱ्याच इमारतींत बाल्कनीची नहाणी पावसाच्या पाण्याच्या पाईपला जोडलेली असते. तो पाईप खाली गटारात न जाता नुसता पार्किंगच्या फरशीवर सुटतो. त्यात साबणाचं पाणी सोडलं की खाली फेसाचा ढीग होतो, फरशी निसरडी होते आणि सोसायटीत भांडण लागतं. ओळखायला सोपं आहे. एक बादली पाणी नहाणीत ओता आणि दुसऱ्या कोणाला तरी खाली उभं करा. पाणी उघड्यावर पडलं तर तो पावसाचा पाईप. चेंबरमध्ये गेलं तर सांडपाण्याचा.

दुसरी चाचणी वेगाची. मशीन पाणी सोडतं ते धुणं पिळल्यासारखं हळूहळू सोडत नाही, दोन-तीन मिनिटांत तीस-चाळीस लिटर बाहेर येतं. म्हणून पंधरा लिटरच्या दोन बादल्या घ्या, जाळी जागेवर ठेवूनच एकामागून एक ओता. पाणी तुंबून उंबऱ्याकडे यायला लागलं तर नहाणी साफ करून घ्या. केस आणि चिंध्या नसतानाही तुंबत असेल तर पाईपला उतार कमी आहे. मग मशीन येण्याआधीच प्लंबरला बोलवा, कारण नंतर ते सरकवायचं म्हणजे दोन माणसांचं काम.

पाईपच्या तोंडाची उंची हा तिसरा मुद्दा, आणि यात फ्रंट लोड आणि टॉप लोडची तऱ्हा वेगळी. फ्रंट लोडमध्ये पाणी वर फेकणारा पंप असतो. त्याचा पाईप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवर अडकवावा लागतो. तो सरळ खाली नहाणीत सोडला तर पाणी आपसूक ओढलं जातं. मशीन भरतंय आणि त्याच वेळी रिकामंही होतंय, धुणं कधी संपतच नाही. नळ सुरू असल्याचा आवाज थांबत नसेल आणि नहाणीत सतत बारीक धार दिसत असेल तर हेच झालेलं असतं. टॉप लोडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पंप नसतो, पाणी उतारानं जातं, त्यामुळे तिथे पाईप जमिनीलगतच हवा आणि वाटेत उंबरा नको. नहाणी उंबऱ्यापलीकडे असेल तर असं मशीन तिथे चालणार नाही. घेताना विचारा की पंप आहे की उतारावर चालतं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पत्रकात पाईपची उंची दिलेली असते.

वरच्या मजल्याचं दुखणं: नळाला जोर

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना टाकी डोक्यावरच आहे म्हणून पाणी जोरात येईल असं वाटतं. होतं उलटं. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तळमजल्याला टाकीपासून दहा-बारा मीटर उंची मिळते. या तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये नळ फरशीपासून मीटरभर वर, छत तीन मीटरवर, टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर उंच. सगळी बेरीज साडेतीन मीटरच्या आसपास येते, म्हणजे एक बारचा तिसरा हिस्सा. कित्येक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो असं त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. म्हणजे आपण अगदी काठावर. टाकी भरलेली असेल तर थोडा जास्त, तळाला गेली की जेमतेम एवढाच.

मीटर नको, बादली पुरते. ज्या नळाला मशीन जोडायचं तो पूर्ण उघडा आणि दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते मोबाईलवर बघा. मिनिटभरात भरली तर चिंता नाही. दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर मशीन पाणी भरताना थकेल आणि पाणी येत नसल्याची खूण दाखवून बंद पडेल. ही चाचणी टाकी भरलेली असताना करू नका. पाणी यायच्या आदल्या दिवशी, टाकी तळाला गेलेली असताना करा.

दाब कमीच निघाला तर तीन वाटा आहेत. कमी दाबावर चालणारं मॉडेल शोधायचं, छोटा प्रेशर पंप बसवायचा, किंवा सेमी ऑटोमॅटिक घ्यायचं. सेमी ऑटोमॅटिकला लोक आता नाक मुरडतात, पण जिथे पाणी पिंपातून बादलीनं घालायचं आहे तिथे तेच सर्वात भरवशाचं. त्याचं पाणी वाचवण्याचं गणितही आपल्या हातात राहतं, पांढरे कपडे धुतलेल्या साबणाच्या पाण्यात पुढे पायपुसणी टाकता येतात. तोटा असा की ते ७५ ते ८० सेंमी रुंद असतं आणि अरुंद बाल्कनीत आडवं पडतं.

या घरात बादली सव्वा मिनिटात भरली. टॉप लोडला पुरेल असा दाब, फक्त भरायला वेळ जास्त लागेल. त्यावर त्यांनी तडजोड मान्य केली.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक पाहा. ते जड असतं, आणि मशीनच्या मागे नळी जिथे जोडतात तिथली बारीक जाळी क्षारानं आणि गाळानं भरते. दाब अचानक कमी झाला असं वाटलं तर आधी ती जाळी काढून ब्रशनं घासा. मशीन भिंतीला इतकं चिकटवू नका की या जाळीपर्यंत हातच पोचणार नाही.

बाल्कनी की बाथरूम

बाथरूममध्ये मशीन ठेवायचा मोह होतो, कारण नळ आणि नहाणी दोन्ही तिथेच. माझा कल त्याच्या विरुद्ध आहे. अंघोळीचं पाणी मशीनवर उडतं, पत्रा गंजतो, आणि ओल्या जागी वीज आणावी लागते. चार फूट रुंद बाथरूममध्ये साठ सेंमीचं मशीन गेलं की अंघोळ करणाऱ्याला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. दुसरा पर्याय नसेलच तर विटांचा दहा-पंधरा सेंमी उंच कट्टा बांधा, प्लगचा पॉइंट बाथरूमच्या बाहेर काढा, आणि दाराचं माप आधी घ्या. बाथरूमचं दार कित्येकदा ६५ सेंमीचंच असतं आणि चौकटीचा आतला भाग धरला तर साठ सेंमीचं मशीन पुठ्ठ्यासकट आत जात नाही.

बाल्कनीत भीती दोन गोष्टींची असते, वजन आणि ऊन. वजनाबद्दल लोक विनाकारण मशीनला घाबरतात. टॉप लोड तीस-पस्तीस किलोचं, फ्रंट लोड साठ-सत्तर किलोचं. आणि तिथेच वर्षानुवर्षं उभी असलेली दोनशे लिटरची दोन पिंपं भरली की चारशे किलो होतात. काळजी करायचीच तर पिंपांची करा. मशीनच्या बाबतीत वजनापेक्षा हादरे महत्त्वाचे. फरशीवर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर त्या टाइलखाली माल नाही आणि पिळताना ती फुटेल.

हादऱ्यांचं सोलापुरी कारण म्हणजे चादर. आपली सोलापुरी चादर भिजली की दुप्पट-तिप्पट जड होते आणि एकटी टाकली की ड्रमच्या एका बाजूला गोळा होते. पिळायला लागलं की मशीन धडधडतं, कधी जागेवरून चालत जातं. एकटी चादर टाकण्याऐवजी दोन टाका, म्हणजे वजन दोन्ही बाजूंना वाटलं जातं. घरात चादरी जास्त असतील तर सहा किलोचं मशीन घेऊन जागा वाचवायच्या नादी लागू नका. सहा आणि सात किलोच्या रुंदीत दोन-तीन सेंमीचाच फरक असतो.

ऊन मात्र खरं आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो आणि पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी तीन ते सहा सरळ ऊन येतं. प्लास्टिकचं झाकण पिवळं पडून तडकतं, नळी कडक होते, आणि वरच्या बटणांमागचं सर्किट तापतं. मशीनला प्लास्टिकचं कव्हर घालून यातलं काही टळत नाही, उलट आत गरम हवा कोंडते. ऊन मशीनवर पडायच्या आधीच अडवायला हवं. बाल्कनीच्या कठड्याच्या वर हिरवी जाळी किंवा बांबूची चिक लावा. जून-जुलैच्या तिरक्या पावसालाही तीच थोडी उपयोगी पडते.

पिंप आणि मशीन एकाच बाल्कनीत

आता या घराचं गणित. बाल्कनी १०७ सेंमी रुंद, १५२ सेंमी लांब. एका टोकाला आत यायचं दार, म्हणून मशीन दुसऱ्या टोकाला, आखूड भिंतीला पाठ लावून. फ्रंट लोड ठेवलं तर त्याच्या शेजारी ४७ सेंमी उरतात. दोनशे लिटरचं पिंप साठ सेंमीच्या आसपास जाड असतं, ते बसत नाही. पिंप मशीनच्या समोर ठेवलं तर मशीनचं दार उघडत नाही.

म्हणून टॉप लोड, ५४ सेंमी रुंद. शेजारी ५३ सेंमी राहिले आणि तिथे शंभर लिटरचं उभट पिंप, ४५ सेंमी जाडीचं, नीट उभं राहिलं. मागच्या पाईपसकट मशीनने ६४ सेंमी घेतले, समोर ८८ सेंमी उभं राहायला मोकळे. टॉप लोडमध्ये कपडे वरून टाकायचे असल्यामुळे समोर वाकायची जागा लागत नाही, हा छोट्या बाल्कनीत मोठा फायदा. सासूबाईंनाही वाकायचं नव्हतं. दोन्ही मोठी पिंपं गेली. "तीनशे लिटर कमी झालं की हो," ही तक्रार झाली. त्यावर उपाय म्हणून संडासच्या माळ्यावर शंभर लिटरची छोटी टाकी बसवली, तीही तो माळा नुसता लाकडी फळीचा नसून सिमेंटचा आहे हे बघूनच.

टॉप लोडची एक खोड लक्षात ठेवायची. मशीन साधारण मीटरभर उंच असतं, पण झाकण उघडलं की एकूण उंची १३०-१३५ सेंमीपर्यंत जाते. या घरातला जुना नळ बरोबर मशीनच्या मागे ११० सेंमीवर होता, झाकण त्याला आपटलं असतं. प्लंबरकडून नळ बाजूला, पिंपाच्या वर घेतला आणि एकाच ठिकाणी दोन कॉक काढले, एक मशीनचा, एक पिंप भरायचा. साबणाची फळी लावायची तर दीड मीटरच्या वर.

फ्रिज: भिंत कुठली आणि दार कुठे

मशीन बाल्कनीत गेलं आणि स्वयंपाकघर फ्रिजसाठी मोकळं झालं. काही जण फ्रिजच बाल्कनीत काढतात. सोलापुरात हे करू नये. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर टाकतो, आणि बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती टाकायला जागा राहत नाही. फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या चिकटपट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. त्यातला ST अडतीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी, T त्रेचाळीस अंशांपर्यंत. इथे T हवाच. तरीही ते माप फ्रिजच्या भोवतालच्या हवेचं आहे, पश्चिमेच्या बाल्कनीतली हवा मे महिन्यात ते सहज ओलांडते.

घरातही भिंत निवडायला हवी. पश्चिमेची बाहेरची भिंत दुपारभर तापते आणि रात्री नऊपर्यंत गरम राहते. संध्याकाळी सात वाजता प्रत्येक भिंतीला हात लावून बघा, पाच सेकंदांत उत्तर मिळेल. फ्रिज नेहमी आतल्या भिंतीला.

हल्लीच्या बऱ्याच फ्रिजना मागे काळी जाळी दिसत नाही, गरम नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून बाजूंना हात लावला तर कोमट लागतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. पण याचा अर्थ बाजूंनाही हवा हवी. दोन्ही बाजूंना पाच ते दहा, मागे आठ-दहा, वर किमान पंधरा सेंमी सोडा, आणि पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढे. सुताराने सुंदर कप्पा करून त्यात फ्रिज घट्ट बसवलेली घरं बघवत नाहीत. अशा फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, बाजूला हात ठेववत नाही, आणि दही दुसऱ्या दिवशी आंबट होतं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर मेकॅनिक बोलवायच्या आधी फ्रिज पुढे ओढून बघा.

दुसरा प्रश्न दाराचा. सिंगल डोअर फ्रिजची बिजागरी बहुतेक वेळा समोरून पाहताना उजवीकडे असते. दोन गोष्टी त्यावर ठरतात. उजवीकडे भिंत अगदी चिकटून असेल तर दार काटकोनातच अडकतं आणि खालचा भाजीचा कप्पा बाहेर येत नाही. आणि दार उघडल्यावर हात डावीकडून आत जातो, म्हणून भांडं टेकवायची जागा डावीकडे हवी.

या घरात दोन जागा उरल्या होत्या. एक, ओट्यासमोरच्या भिंतीचा मध्य, जी आधीच बाद झाली. दुसरी, पॅसेजकडच्या चौकटीशेजारचा कोपरा. चौकट आणि समोरची भिंत यांच्यात ७३ सेंमी भिंत होती, आतली, पॅसेजला लागून. तिला पाठ लावून ५५ सेंमीचा फ्रिज ठेवला, डावीकडच्या भिंतीपासून दहा सेंमी सोडून. उजवीकडे चौकटीपर्यंत आठ सेंमी राहिले आणि पुढे उघडी वाट. आता दार उजवीकडे पूर्ण उघडतं, आणि काटकोनात उघडलं तर ये-जा अडत नाही, कारण ते वाटेला समांतर राहतं.

एक दोष राहतो. उघडलेलं दार फ्रिज आणि ओटा यांच्या मध्ये येतं, म्हणजे दुधाचं पातेलं काढून ओट्यावर ठेवायला दाराला वळसा पडतो. डावीकडच्या भिंतीला ८५ सेंमी उंचीवर तीस सेंमीची घडीची फळी लावली. पातेलं आधी तिथे, दार बंद, मग ओट्यावर. दार उलटं लावता येणारं मॉडेल मिळालं असतं तर फळीही लागली नसती, पण ते त्यांच्या बजेटमध्ये बसलं नाही.

ओट्यासमोरची उरलेली भिंत, फ्रिजच्या दाराची आणि फळीची जागा सोडून, धान्याच्या डब्यांच्या तीस सेंमीच्या रॅकला मिळाली. ओटा आणि रॅकमध्ये १२३ सेंमी. दोन बायकांना पाठीला पाठ लावून काम करता येतं.

कोणाच्या स्वयंपाकघरात असा कोपरा नसेलच तर फ्रिज पॅसेजमध्ये किंवा हॉलच्या स्वयंपाकघराकडच्या भिंतीला ठेवा. गॅसच्या शेगडीला खेटून ठेवण्यापेक्षा चार पावलं चालणं परवडतं. शेगडी आणि फ्रिजमध्ये किमान दीड-दोन फूट अंतर असावं, नाहीतर फोडणीची वाफ आणि तेल दाराच्या रबरावर बसतं, रबर चिकट होऊन फाटतं.

खडूने तालीम

मापं कागदावर जुळली तरी पैसे भरायच्या आधी फरशीवर खडूनं दोन्ही चौकटी काढा, मागची मोकळी जागा धरून. फ्रिजच्या दाराची कमानही काढा. चौकटीवर रिकामे खोके किंवा पाट ठेवा आणि एक दिवस तसंच वावरा: स्वयंपाक, पाणी भरणं, भांडी घासणं, मुलीचं शाळेचं आवरणं. पाणी येणारा दिवस निवडलात तर उत्तम, कारण त्या दिवशी बाल्कनीत घागरी, पाईप आणि माणसं सगळं एकदम असतं.

त्याच दिवशी वाटही मोजा. जिन्याच्या वळणावर फ्रिज फिरतो का, मुख्य दारातून जातो का, आणि बाल्कनीच्या दारातून मशीन पुठ्ठ्यासकट जातं का. या घराचं बाल्कनीचं दार ७५ सेंमीचं, पण पल्ला पूर्ण उघडत नव्हता, मोकळी वाट ६८ भरली. चोपन्नच्या मशीनला ती पुरली.

वीज

दोन्हींना स्वतंत्र पॉइंट द्या. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज आणि मिक्सर एकत्र चालवणं ही वायर जळायची सुरुवात आहे. पाणी गरम करणारं फ्रंट लोड दोन हजार वॉटच्या आसपास ओढतं, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. साध्या टॉप लोडला कमी लागतं, तरी मीही तिथे १६ चाच काढायला सांगतो, उद्या मशीन बदललं तर भिंत फोडायला नको. बाल्कनीतला स्विच नळापासून लांब, छातीच्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत. मशीनच्या मागे लपलेला स्विच संकटात हाताला येत नाही. अर्थिंग तपासून घ्या. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर ओल्या जागेतल्या मशीनसाठी तो बसवून घ्यावा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर फ्रिजचा स्टॅबिलायझर बाजूच्या भिंतीवर लावा, फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे तो वरची हवा अडवतो.

बसवायच्या दिवशी

फ्रिज टेम्पोत आडवा आला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्या, मग सुरू करा. पुढचे पाय किंचित उंच ठेवा, म्हणजे दार आपोआप मिटतं. दारात एक कागद धरून बंद करा आणि ओढून बघा, कुठेही सैल निघाला तर फ्रिज वाकडा उभा आहे किंवा रबर बसलेलं नाही.

मशीनवर पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हलपट्टी ठेवून चारही पाय फिरवून सारखे करा. बाल्कनीच्या फरशीला नहाणीकडे उतार असतो, त्यामुळे दोन पाय नेहमी जास्त बाहेर काढावे लागतात. फ्रंट लोड असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का ते स्वतः पाहा आणि ते जपून ठेवा, घर बदलताना पुन्हा लागतील. मग बसवणारा माणूस जायच्या आधी दोन भिजलेल्या चादरी टाकून पिळायचं बटण दाबा. रिकामं मशीन कोणाचंही हलत नाही.

पाणी सोडताना नहाणीजवळ उभे राहा. तुंबलं तर त्याच वेळी दिसेल, प्लंबरही तिथेच असेल.